केप्लरचं पिंप आणि चकत्यांची बेरीज

ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात राहणाऱ्या योहान्नेस केप्लरचं १६१३ च्या ऑक्टोबरअखेर दुसरं लग्न झालं. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात, हे चारच वर्षांपूर्वी पुस्तकात मांडणारा हा गणिती आता घरात काय हवं-नको ते बघत होता. त्या वर्षी द्राक्षं उदंड पिकली होती आणि डॅन्यूब नदीच्या काठावर वाइनची पिंपं रचून ठेवली होती. केप्लरनं घरासाठी काही पिंपं घेतली. चार दिवसांनी विक्रेता मोजमाप करायला आला, तो नुसती एक काठी घेऊन. आडव्या ठेवलेल्या पिंपाच्या पोटावर, बरोबर मधोमध एक भोक असतं. त्यातलं बूच काढून त्यानं काठी तिरकी आत सारली, टोकाच्या गोल झाकणाच्या खालच्या कडेला टेकवली, वरची खूण वाचली आणि पिंपात किती वाइन आहे ते सांगून टाकलं. एकापाठोपाठ एक सगळी पिंपं त्यानं अशीच मोजली. कुठलं पिंप लांबट, कुठलं बुटकं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

केप्लरला हे खटकलं, आणि का ते आपल्यालाही सहज दिसेल. क्षणभर पिंपाचा फुगवटा विसरून त्याला सरळ नळकांडं समजू. एक पिंप ८० सेंटीमीटर व्यासाचं आणि १२० सेंटीमीटर लांब आहे. काठी मधल्या भोकातून जाते, म्हणजे लांबीच्या दिशेनं ६० आणि खोलीच्या दिशेनं ८० सेंटीमीटर. पायथागोरसच्या हिशेबानं काठी १०० सेंटीमीटर आत गेली. आता दुसरं पिंप ६० सेंटीमीटर व्यासाचं आणि १६० लांब घ्या. लांबीच्या दिशेनं ८०, खोली ६०, आणि काठी पुन्हा १०० सेंटीमीटरच. पण पहिल्यात सुमारे ६०३ लिटर वाइन मावते, दुसऱ्यात फक्त ४५२. काठी तीच, दाम तोच, माल मात्र दीडशे लिटर कमी!

मग पिंपाचं खरं घनफळ काढायचं कसं? डब्याचं सोपं असतं, तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. पिंप मध्ये फुगलेलं आणि टोकांकडे निमुळतं असतं, त्याला एकच ‘तळाचं क्षेत्रफळ’ नसतं. पण त्याच्यात एक सोय आहे. मधून जाणाऱ्या अक्षाला काटकोनात त्याला कुठेही कापलं, तरी काप गोलच निघतो. कारण हा आकार मुळात एका रेषेच्या फिरण्यातून झालेला आहे. लांबीच्या दिशेनं एक आडवी सरळ रेषा काढा, तो अक्ष. तिच्या वर किंचित फुगीर कमान काढा. ही कमान अक्षाभोवती एक पूर्ण फेरी फिरली की पिंप तयार. लेथवर लाटणं फिरत असताना पटाशीची धार जशी सरकत जाते तसा त्याचा आकार उतरतो, तसंच हे. गणितात अशा आकाराला परिभ्रमणातून झालेला घनाकार म्हणतात. त्याची सगळी हकिगत त्या एका कमानीत असते.

आता या पिंपाच्या मुळ्याच्या करतो तशा चकत्या करू. प्रत्येक चकती म्हणजे एक चपटं नळकांडं, आणि नळकांड्याचं घनफळ आपल्याला येतं: त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले जाडी. त्रिज्या किती? त्या जागी अक्षापासून कमान जितकी उंच, तितकी. सगळ्या चकत्यांची बेरीज केली की झालं.

प्रत्यक्ष करून बघू. समजा, पिंप आतून ८० सेंटीमीटर लांब आहे, मधोमध त्रिज्या ३० सेंटीमीटर आणि दोन्ही टोकांना २५. कमान पॅराबोलाची धरू. मध्यापासूनच्या अंतराला x म्हटलं आणि तिथल्या त्रिज्येला y, तर कमानीचं समीकरण असं:

y = 30 − x²/320

मध्ये x शून्य असताना y येतो ३०. टोकाला x ४० असताना १६०० भागिले ३२०, म्हणजे ५ वजा होऊन २५. मापं जुळली.

सगळं पिंप एकच ३० त्रिज्येची चकती मानलं, तर उत्तर २२६ लिटर येतं. हे उघडच जास्त आहे, कारण टोकांचा निमुळतेपणा आपण धरलाच नाही. आता २० सेंटीमीटर जाडीच्या ४ चकत्या करू आणि प्रत्येकीच्या मध्यावरची त्रिज्या घेऊ. मधल्या दोघींची त्रिज्या सुमारे २९.७, कडेच्या दोघींची सुमारे २७.२. बेरीज २०३.६ लिटर. तीच जाडी १० सेंटीमीटर करून ८ चकत्या घेतल्या, तर २०२.६ लिटर. पहिल्या खेपेला २२ लिटरांनी खाली आलेला आकडा आता जेमतेम एक लिटर हलला. प्रत्येक चकतीची कड सरळ आणि कमान तिरपी, म्हणून चकती एका बाजूला थोडी बाहेर डोकावते आणि दुसऱ्या बाजूला थोडी कमी पडते. चकती जितकी पातळ, तितकी ही पायरी लहान.

जाडी शून्याकडे नेत राहिलं, तर बेरीज एका ठरावीक आकड्यापाशी स्थिरावते. तो आकडा असंख्य चकत्या न मोजता काढण्याची रीत म्हणजे संकलन:

V = π ∫ y² dx

यातलं πy² हे गोल कापाचं क्षेत्रफळ, dx ही कागदाहून पातळ जाडी, आणि समोरचं लांबुळकं चिन्ह म्हणजे ताणलेला ‘एस’. लॅटिनमधल्या बेरजेच्या ‘सुम्मा’ या शब्दाचं ते पहिलं अक्षर. आपल्या पिंपाचा y वर्ग केला, तर तीन पदं मिळतात: ९००, त्यातून वजा x वर्गाचे तीन-सोळांश, आणि अधिक x चा चौथा घात भागिले १,०२,४००. मध्यापासून टोकापर्यंत, म्हणजे ० ते ४०, संकलन केलं की ही पदं अनुक्रमे ३६,०००, वजा ४,००० आणि अधिक २०० होतात. एकूण ३२,२००. हे अर्धं पिंप झालं. दुप्पट करून पायनं गुणलं की २,०२,३१९ घन सेंटीमीटर, म्हणजे २०२.३ लिटर. आठ चकत्यांनी आपण जवळजवळ तिथेच पोचलो होतो.

केप्लरपाशी हे सूत्र नव्हतं. न्यूटन आणि लाइबनित्स यांचं कलनशास्त्र अजून अर्धं शतक दूर होतं. पण पातळ कापांच्या बेरजेची कल्पना त्याच्याकडे होती. तिच्या जोरावर त्यानं १६१५ मध्ये लिंझलाच वाइनच्या पिंपांच्या घनफळावर लॅटिनमध्ये अख्खं पुस्तक छापलं.

या रीतीत चुका होतात त्या ठरलेल्या जागी. पहिली जागा वर्गाची. ‘सरासरी त्रिज्या घ्या आणि तिचा वर्ग करा’ हा आडमार्ग फार मोहात पाडतो. शंकूवर तो वापरून बघा. शंकूची त्रिज्या शून्यापासून सरळ वाढत जाते, म्हणून सरासरी निम्मी. निम्म्याचा वर्ग पाव, म्हणजे शंकू त्याच मापाच्या नळकांड्याच्या एक-चतुर्थांश. शाळेत तर आपण एक-तृतीयांश शिकलो. शाळा बरोबर आहे. रुंद चकत्यांत माल त्रिज्येच्या नव्हे, तर त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरासरी आधी काढली, तर त्यांचा तो जादा वाटा हरवतो. म्हणून आधी वर्ग, मग बेरीज. हा क्रम उलटला की उत्तर कमीच येतं, आणि आकार जितका निमुळता तितकं जास्त कमी.

दुसरी जागा मापाची. पिंप काही कोणी कापू देत नाही, म्हणून माणूस बाहेरून फीत गुंडाळतो आणि घेरावरून त्रिज्या काढतो. पण ती लाकडासकट त्रिज्या असते. आपल्या पिंपाची फळी अडीच सेंटीमीटर जाड असेल, तर बाहेरची त्रिज्या मध्ये ३२.५ आणि टोकांना २७.५ भरेल. लांबी आतलीच धरून हिशेब केला, तरी उत्तर येईल साधारण २३९ लिटर. सदतीस लिटर नुसतं लाकूड!

तिसरी जागा अक्षाची. कमान तीच ठेवून अक्ष बदलला, तर आकार पार बदलतो. वर्तुळाचा अर्ध्याहून लहान तुकडा त्याच्या सरळ कडेभोवती फिरवला, की दोन्ही टोकांना निमुळता आकार मिळतो. केप्लरनं त्याला लिंबू म्हटलं. तुकडा अर्ध्याहून मोठा असला, की देठापाशी खळगा असलेलं सफरचंद होतं. आणि अक्ष आकृतीपासून दूर नेला, की मधोमध भोक पडतं. मग चकतीऐवजी वॉशर मिळतो आणि बाहेरच्या वर्तुळातून आतलं वजा करावं लागतं. तिथेही दोन त्रिज्यांचे वर्ग वेगवेगळे करूनच वजाबाकी करायची. त्रिज्यांची वजाबाकी करून मग वर्ग केला, तर भलतंच उत्तर येतं.

राहता राहिला तो काठीवाला. काठीची लांबी कायम ठेवून कोणत्या आकारात सर्वांत जास्त माल मावतो, हे केप्लरनं शोधलं. उत्तर निघालं की नळकांड्याची लांबी व्यासाच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी हवी. ऑस्ट्रियातले कारागीर पिंपं जवळपास याच प्रमाणात बनवत होते. आपलं ८० बाय १२० चं पिंप दीडपट लांब आहे. १०० सेंटीमीटर काठीला जास्तीत जास्त मावतात सुमारे ६०५ लिटर, आणि त्यात मावतात ६०३. डोंगराच्या माथ्यावर दोन पावलं इकडेतिकडे गेलं तरी उंची फारशी बदलत नाही, तसंच हे: माप थोडं चुकलं तरी मालात एक-दोन लिटरांचाच फरक. तेव्हा त्या विक्रेत्यानं केप्लरला फसवलं नव्हतं. काठी चालत होती ती पिंप बनवणाऱ्यांच्या हाताच्या सवयीवर. त्याच काठीनं १६० सेंटीमीटर लांबीचं सडपातळ पिंप मोजायला घेतलं असतं, तर मात्र दीडशे लिटरांचा घोळ झाला असता, आणि तो पकडायला चकत्याच लागल्या असत्या.