स्मार्टवॉचची चावी कुरकुरते तेव्हा

ॲपल वॉचच्या कडेला एक गोल चावी असते. कंपनी तिला डिजिटल क्राऊन म्हणते. ती फिरवली की यादी वर-खाली सरकते, दाबली की मुख्य पडदा येतो. रोज घाम गाळणाऱ्या किंवा घड्याळ न काढताच हात आणि भांडी धुणाऱ्या माणसाच्या हातावर काही महिन्यांनी हीच चावी बिघडते. कधी ती जड फिरते, कधी वाळूत फिरवल्यासारखी खरखरते, तर कधी दाबल्यावर परत वर यायलाच उशीर लावते.

चावी फिरायची म्हणजे तिच्या आणि घड्याळाच्या कवचाच्या मध्ये बारीकशी फट ठेवावीच लागते. पाणी अडवणारं सील त्या फटीच्या आत असतं, त्यामुळे बाहेरचा भाग कायम उघडा राहतो. घाम तिथे शिरतो आणि वाळतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि त्यात त्वचेचं तेल व मृत कातडीचा भुगा मिसळून चिकट लगदा होतो. वर साबणाची वडी आणि बोअरचं जड पाणी यांची गाठ पडली, तर पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच हा साका. मीठ पाण्यात सहज विरघळतं, साका विरघळत नाही. म्हणून घामाने अडकलेली चावी लवकर मोकळी होते आणि साबणाने अडकलेली जास्त वेळ घेते.

पण धुण्याआधी एक खात्री करावी. सिरीज ४ पासूनच्या घड्याळांत चावी फिरवताना बोटाला जी बारीक टकटक जाणवते, ती चावीच्या दात्यांची नसते. आतली कंपन देणारी मोटर ती निर्माण करते. पुष्कळांना तीच खरखर वाटते. घड्याळ बंद करून चावी फिरवा. बंद घड्याळात कंपन नसतं, तेव्हा चावी गुळगुळीत फिरली तर तिला काही झालेलं नाही. खरखर तशीच राहिली तर ती कचऱ्याची.

मग धुवायचं, आणि ते साध्या पाण्याने. घड्याळ चार्जरवरून काढून बंद करावं, चामड्याचा पट्टा असेल तर सोडवून ठेवावा. नळ बारीक सोडून कोमट, गोड्या पाण्याची धार फटीवर १० ते १५ सेकंद धरावी आणि त्या वेळात चावी सतत फिरवत आणि दाबत राहावी. खरं काम या फिरवण्या-दाबण्याने होतं. नुसतं धारेखाली धरलं तर आतला लगदा जागचा हलत नाही. नंतर धागे न सोडणाऱ्या मऊ फडक्याने पुसून घड्याळ चालू करावं. फरक पडला पण चिकटपणा थोडा उरला, तर हेच पुन्हा करायला हरकत नाही. धुतल्यावर स्पीकरचा आवाज बसका आला तर ‘वॉटर लॉक’ चालू करून बंद करावं. बंद करताना घड्याळ आवाज काढून स्पीकरमधलं पाणी बाहेर फेकतं.

चिकटपणा साबणाने जाईल हा विचार स्वाभाविक आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे एरवी जिथे पाणी थांबतं तिथून ते आत सरकू शकतं. शिवाय साबणाचा थर फटीत राहतो तो वेगळाच. सीलला त्रास देणाऱ्या गोष्टींत ॲपल स्वतः साबण, शाम्पू, लोशन, सनस्क्रीन आणि अत्तर यांची नावं घेते. टाचणी फटीत घालू नये, सील फाटू शकतं. शिलाई मशीनचं तेल दोन दिवस चावी छान फिरवेल, मग धूळ धरून ठेवेल. हेअर ड्रायरही नको. उष्णता सीलला मानवत नाही.

सिरीज २ पासूनच्या घड्याळांवर ५० मीटरपर्यंत जलरोधक असा दर्जा असतो, पण तो नव्या घड्याळाचा. सील वयानुसार झिजतं आणि घड्याळ आपटलं की कमकुवत होतं. त्यामुळे काचेला तडा असेल किंवा बॅटरी फुगून पडदा उचललेला दिसत असेल, तर नळाकडे जाऊच नये, थेट सेवा केंद्र गाठावं. दोन-तीनदा धुऊनही चावी दाबल्यावर वर येत नसेल, किंवा फिरवूनही पडदा हलत नसेल, तरीही तेच.

घाम येणाऱ्यांनी व्यायाम झाल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली फिरवून घेतलं की मीठ वाळायलाच वेळ मिळत नाही. दंड-बैठका काढताना वाकलेल्या मनगटाने चावी दाबली जात असेल, तर सेटिंगमधल्या जनरल विभागात ओरिएंटेशन बदलून घड्याळ उलटं बांधता येतं. मग चावी पंजाकडे न राहता कोपराकडे जाते.