एक फिरकी, मग थांबा

१९६२ साली अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी एव्हीएल वृक्ष मांडला. त्यात डाव्या-उजव्या फांद्यांच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणून शोध झटपट लागतो. पण एक नोंद काढली की फांद्यांची फिरवाफिरव कधीकधी थेट मुळापर्यंत जाते.

हॉयप्लर, सेन आणि टार्जन यांचा ‘वीक एव्हीएल’ वृक्ष इथे जरा सैल आहे. प्रत्येक गाठीला क्रमांक असतो: पानाला ०, रिकाम्या जागेला −१. पालक आणि मूल यांच्या क्रमांकांत १ किंवा २ चाच फरक हवा.

एका मोठ्या वृक्षाचा हा तुकडा पाहा. वर २० (क्रमांक २), डावीकडे १० (०), उजवीकडे ३० (१), तिच्या उजवीकडे ४० (०). १० काढली की डावीकडचा फरक ३ होतो. एक फिरकी घ्या: ३० वर, २० आणि ४० खाली. एव्हीएलमध्ये तुकड्याची उंची घटते, मग वरच्या गाठीही तपासाव्या लागतात. इथे ३० ला क्रमांक २ च देता येतो, कारण दोन्हीकडे २ चा फरक मान्य आहे. वरच्यांना काही कळतच नाही!

काही वेळा क्रमांक घटवत वर जावे लागते, पण एका वजाबाकीत फिरक्या जास्तीत जास्त दोन. किंमत? नोंदी काढत राहिल्यास उंची लॉगच्या दुपटीपर्यंत वाढू शकते. केवळ भर घातली, तर वृक्ष एव्हीएलच राहतो. फ्रीबीएसडीने २०२० मध्ये हाच प्रकार स्वीकारला.