झोप लागत नाही, पण कशामुळे?

‘सातवा महिना लागलाय, आता कुठली शांत झोप!’ घरातल्या मोठ्या बायकांचं हे म्हणणं खोटं नसतं. थकवा, तुटक झोप, अन्नावरची वासना उडणं हे सगळं गरोदरपणात होतंच. पंचाईत अशी, की नैराश्यातही नेमकं हेच होतं. म्हणून तपासणीला आलेल्या बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलं जातं आणि तिचं मन तेवढं नोंदीबाहेर राहतं.

यावरचा एक साधा उपाय 1987 साली ब्रिटनमध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. ‘एडिनबरा’ नावाने ओळखली जाणारी ही दहा प्रश्नांची मोजपट्टी मुळात बाळंतिणींसाठी होती, पुढे गरोदर स्त्रियांसाठीही वापरात आली. तिच्यात थकवा किंवा भूक विचारतच नाहीत. झोपेबद्दल विचारतात तेही असं, की मन उदास असल्यामुळे झोप लागत नाही का? पोट अवघडल्याने किंवा लघवीला उठावं लागल्याने मोडलेली झोप इथे धरायची नाही.

समजा, अशी एक बाई गेल्या सात दिवसांबद्दल उत्तरं देते आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. पूर्वीसारखं हसू येत नाही, दोन. पुढच्या कशाचीच ओढ वाटत नाही, दोन. काही बिनसलं की विनाकारण स्वतःलाच बोल लावते, दोन. सोनोग्राफी चांगली आली तरी घरी पोचेपर्यंत पुन्हा धाकधूक, दोन. अचानक घाबरायला होतं, एक. कामं अंगावर येतात, दोन. उदासीमुळे झोप नाही, उदास वाटतं, रडू येतं, यांना एकेक. स्वतःला इजा करण्याचा विचार नाही, शून्य. बेरीज चौदा.

तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच असते. पण हे निदान नव्हे. डॉक्टर नीट बोलून, रक्तक्षय आणि थायरॉइड तपासून मग ठरवतात. शिवाय सासू शेजारी बसलेली असताना दिलेल्या उत्तरांना फारसा अर्थ नसतो, ती एकटीला विचारूनच घ्यावीत. शेवटच्या प्रश्नाला मात्र बेरजेचा नियम नाही. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

‘बाळंत झाली की होईल बरी’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. गरोदरपणातलं नैराश्य पुष्कळदा बाळंतपणानंतरही चालू राहतं, आणि उपचार न झाल्यास दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. सौम्य त्रासात समुपदेशनाने बराच फरक पडतो. गरज पडल्यास गरोदरपणात देता येतील अशी औषधंही आहेत. आधीपासून गोळ्या चालू असतील तर दिवस राहिले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, लगेच डॉक्टरांना विचारावं. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल, तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.