काळी पडणारी बाटली

विहिरीचं नितळ पाणीही मैल्याने दूषित असू शकतं. ते तपासायला दहावीच्या वर्गाला एचटूएस बाटली पुरते. निर्जंतुक बाटलीच्या तोंडाला आतून हात न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि ती 30 ते 37 अंशांच्या उबेत ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं, तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. शोषखड्ड्याजवळची आणि गावाबाहेरची, अशा दोन्ही विहिरींचे नमुने एकाच सकाळी घ्या; एकीचा पावसाआधी, दुसरीचा नंतर घेतला तर तुलना फसते. ब्लीचिंग पावडर नुकतीच टाकली असेल तर थांबा. बाटली काळी झाली नाही, तरी पाणी पिण्याजोगं ठरत नाही. नायट्रेट आणि फ्लोराइड या चाचणीत कळत नाहीत.