प्रकाशीय दुवा, एलईडी-फोटोडायोड
प्रकाशीय दुवा, एलईडी-फोटोडायोड : प्रकाशाच्या तीव्रतेत संकेतानुसार बदल घडवून तारेविना ध्वनी वा मजकूर पाठविण्याची योजना. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व चार्ल्स समनर टेंटर यांनी 1880 मध्ये वॉशिंग्टन येथे सूर्यप्रकाशाचा शलाका आवाजाने कंपित होणाऱ्या आरशावरून परावर्तित केला आणि सिलिनियमाच्या घटाच्या साहाय्याने सु. 213 मी. अंतरावर बोलणे ऐकविले. आता आरशाची जागा प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थाने (एलईडीने) व घटाची जागा फोटोडायोडने घेतली आहे. बेल यांना उपकारक ठरलेला सूर्य मात्र या दुव्याचा मुख्य अडथळा बनला आहे.

एलईडीतून स्थिर विद्युत् प्रवाह वाहता ठेवून त्यावर ध्वनीचा प्रवाह चढविला की, तिचा उजेड त्याप्रमाणे कमीजास्त होतो. फोटोडायोड त्याचे पुन्हा प्रवाहात रूपांतर करतो व विवर्धक तो वाढवितो. भिंग नसल्यास अंतर दुप्पट होताच संकेत चौथाई होतो.

फोटोडायोडवर पडणाऱ्या इतर उजेडामुळेही प्रवाह निर्माण होतो. इलेक्ट्रॉन सुटे सुटे व अनियमितपणे येत असल्याने त्या प्रवाहात खरखर, म्हणजे गोंगाट, असतो. तो प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उदा., 7.5 चौ. मिमी. क्षेत्राच्या फोटोडायोडवर साध्या अवरक्त एलईडीपासून 10 मी. अंतरावर सु. 1.6 नॅनोअँपिअर संकेत मिळतो, असे मानू. थेट उन्हातील सु. 2.6 मिलिअँपिअर प्रवाहाचा गोंगाट, 4 किलोहर्ट्‌झ पट्ट्यात, सु. 1.8 नॅनोअँपिअर होतो. म्हणजे संकेत त्यात बुडतो. बोलणे स्पष्ट होण्यास संकेत गोंगाटाच्या 10 पट हवा असे धरल्यास पल्ला जेमतेम 3 मी. भरतो. सावलीत उजेड शंभरांश झाला, तर गोंगाट दशांश होऊन पल्ला सु. 9 मी. होतो. रात्री विवर्धकाच्या 1 मेगोह्‌म रोधाचा सु. 8 पिकोअँपिअर गोंगाटच उरतो व पल्ला सु. 45 मी. पर्यंत जातो. मजकूर सावकाश पाठविल्यास पट्टा अरुंद पुरतो. पट्टा शंभरांश केल्यास पल्ला सु. तिप्पट होतो.

दोष ओळखण्यासाठी फोटोडायोड अपारदर्शक आवरणाने झाकतात. खरखर तशीच राहिली, तर ती विवर्धकाची; थांबली, तर उजेडाची असते. एकसुरी गुणगुण ऐकू आल्यास ती बहुधा विजेच्या दिव्यांची असते, कारण 50 हर्ट्‌झ पुरवठ्यावर त्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. थेट उन्हात मात्र अनेकदा खरखरही ऐकू येत नाही. मोठ्या प्रवाहामुळे विवर्धक संतृप्त होऊन ग्राही पूर्ण मुका होतो. अशा वेळी एलईडी बिघडली असा गैरसमज होतो.

यावर काळी नळी, अवरक्त गाळणी व भिंग हे उपाय आहेत. 25 मिमी. व्यासाचे भिंग फोटोडायोडच्या सु. 65 पट क्षेत्रावरील प्रकाश गोळा करते. त्यामुळे रात्रीचा पल्ला सु. 8 पट होऊ शकतो, परंतु नेम तितकाच अचूक लागतो. दिशेची निवडही महत्त्वाची आहे. नागभीड (चंद्रपूर जिल्हा) सु. 20.6° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे उत्तरेकडे तोंड केलेल्या ग्राहीच्या नळीत सूर्य कधीच समोरून येत नाही. पूर्वेकडे वा पश्चिमेकडे तोंड असल्यास तो सकाळी वा सायंकाळी येऊ शकतो. वनप्रदेशात मात्र वाटेत एखादी फांदी आली, तरी दुवा तुटतो.