बाटलीवरचे हिरवे शिक्के नेमके काय सांगतात?

परदेशाहून येणारे आप्तेष्ट हल्ली भेट म्हणून वाइनची बाटली आणतात. मोठ्या शहरांतल्या दुकानांतही आयात वाइन दिसते. या बाटल्यांवर कुठे हिरवे पान, कुठे ‘बायोडायनॅमिक’ असा शब्द, तर कुठे ‘सस्टेनेबल’ म्हणजे शाश्वत शेतीचा शिक्का असतो. पाहणाऱ्याला वाटते, तिन्हींचा अर्थ एकच: आतला माल शुद्ध आणि निरुपद्रवी. प्रत्यक्षात हे तिन्ही शिक्के तीन वेगवेगळ्या गोष्टींची हमी देतात, आणि काही गोष्टींची हमी तिघांपैकी कोणीच देत नाही.

हिरवे पान: कायद्याचा शिक्का

युरोपातल्या सेंद्रिय वाइनवर ताऱ्यांनी रेखाटलेले हिरवे पान असते. त्यामागे कायदा आहे. द्राक्षबागेत किमान तीन वर्षे रासायनिक खते, तणनाशके आणि कृत्रिम कीटकनाशके वापरलेली नसावी लागतात. तपासणी संस्थेचा माणूस नियमितपणे बागेत आणि तळघरात येऊन नोंदवह्या पाहतो. पानाशेजारी छापलेला सांकेतिक क्रमांक त्या संस्थेचाच असतो.

परंतु सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीची बाग नव्हे. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांना ‘केवडा’ हा रोग चांगलाच परिचित आहे. दमट हवेत पानांवर तेलकट डाग पडतात आणि घड वाया जातात. त्यावर ते मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. बोर्डो हे फ्रान्समधील वाइनच्या प्रसिद्ध शहराचे नाव. १८८५ च्या सुमारास हे मिश्रण तिथेच प्रचारात आले. सेंद्रिय बागेतही तांब्याचे हे औषध चालते. मात्र तांबे जमिनीत साठत जाते, विरत नाही, आणि गांडुळांना अपाय करते. म्हणून युरोपने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो अशी मर्यादा घातली. पावसाळी वर्षी शेतकऱ्याला जास्त फवारावे लागते. मग कोरड्या वर्षी त्याने हात आखडता घ्यावा, असा हा हिशेब आहे.

एकच बाटली, दोन नावे

बागेचे झाले, तळघराचे काय? युरोपात २०१२ पर्यंत सेंद्रिय कायदा द्राक्षांपाशीच थांबत असे. त्यामुळे लेबलवर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनविलेली वाइन’ एवढेच लिहिता येई. त्या वर्षाच्या ऑगस्टपासून वाइन बनविण्याच्या क्रियेलाही नियम लागू झाले आणि ‘सेंद्रिय वाइन’ हा शब्द मिळाला.

यात कळीचा मुद्दा सल्फाइटचा. वाइन हवेने आणि जिवाणूंनी बिघडू नये म्हणून त्यात गंधकाचे हे संयुग घालतात. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. युरोपात कोरड्या, म्हणजे अगोड, तांबड्या वाइनमध्ये लिटरमागे १५० मिलिग्रॅम सल्फाइट चालते. तीच वाइन सेंद्रिय असेल तर १०० मिलिग्रॅमपर्यंतच. अमेरिकेचा नियम निराळा. तिथे ‘सेंद्रिय वाइन’ म्हणवून घ्यायचे तर वरून सल्फाइट घालताच येत नाही. आंबताना आपोआप तयार होणारे थोडेसे असतेच, तेही १० मिलिग्रॅमच्या आत हवे.

आता समजा, एका तांबड्या वाइनमध्ये लिटरला ८० मिलिग्रॅम सल्फाइट आहे. युरोपात ती ऐटीत हिरवे पान मिरवील. हीच बाटली अमेरिकेत गेली, तर तिला ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनविलेली’ एवढेच म्हणता येईल आणि सरकारी सेंद्रिय शिक्का मिळणार नाही. आतली वाइन बदलली नाही. बदलला तो शब्दाचा अर्थ.

गाईच्या शिंगातले खत

‘बायोडायनॅमिक’ शब्दामागे सरकारी कायदा नाही. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली शेतीवर काही व्याख्याने दिली, त्यांतून ही पद्धत निघाली. तिचे प्रमाणपत्र देणारी प्रमुख संस्था म्हणजे ‘डिमीटर’, आणि तो तिचा नोंदणीकृत शिक्का आहे.

हा शिक्का मिळण्यापूर्वी बाग सेंद्रिय असावीच लागते. त्यावर आणखी अटी येतात. तांब्याची मर्यादा अधिक कडक आहे. शेताचा काही भाग झाडाझुडपांसाठी आणि पक्षी-कीटकांसाठी राखावा लागतो. शिवाय ठरावीक ‘तयारी’ वापरणे सक्तीचे असते. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात. वसंतात उकरून काढलेले मूठभर खत पाण्यात तासभर, आलटून पालटून उलट्या-सुलट्या दिशेने ढवळून शिंपडतात. यारो, कॅमोमाइल, खाजकुइलीसारखी झोंबणारी नेटल अशा वनस्पतींच्या तयारी कंपोस्टात घालतात.

याचा उपयोग होतो का? कॅलिफोर्नियातील एका द्राक्षबागेत काही वर्षे बायोडायनॅमिक आणि साधे सेंद्रिय भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जमिनीच्या कसामध्ये फरक आढळला नाही. तेव्हा हा शिक्का एवढेच सांगतो की, ठरलेली पद्धत पाळली गेली. तिच्या परिणामाची ग्वाही तो देत नाही.

‘शाश्वत’ म्हणजे किती?

सर्वांत सैल शब्द हाच. त्याची एकच कायदेशीर व्याख्या नाही. प्रत्येक योजनेची यादी वेगळी. त्यात पाणी, वीज, सांडपाणी, मजुरांची काळजी अशा गोष्टी येतात, ज्यांकडे सेंद्रिय शिक्का पाहतही नाही. पण रासायनिक फवारणीला सरसकट बंदी नसते.

फ्रान्सच्या ‘एचव्हीई’ या सरकारी शिक्क्याचे उदाहरण बोलके आहे. तो मिळवण्याचा पूर्वी एक सोपा मार्ग होता: विकत घेतलेली खते, औषधे वगैरे सामग्रीचा खर्च उलाढालीच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा. आता दोन बागा कल्पा. दोघीही अशा सामग्रीवर २० हजार युरो खर्च करतात. पहिलीची वाइन स्वस्त, उलाढाल ५० हजार. खर्च ४० टक्के, म्हणजे ती नापास. दुसरीची वाइन महाग, उलाढाल दोन लाख. खर्च १० टक्के, म्हणजे ही अट तिने सहज ओलांडली. औषधे दोघींनी सारखीच फवारली! टीका झाल्यावर २०२३ पासून हा मार्ग बंद करण्यात आला. त्याआधी भरलेल्या बाटलीवरचा हा शिक्का मात्र त्या जुन्या वाटेनेही आलेला असू शकतो.

शिक्का काय सांगत नाही

शाकाहारी घरांनी एक ध्यानात ठेवावे. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात, आणि युरोपच्या सेंद्रिय नियमांत हे सारे चालते. शाकाहारासाठी निराळी ‘व्हेगन’ खूण पाहावी. दम्याचा त्रास असणाऱ्याने हिरव्या पानावर न विसंबता ‘सल्फाइट आहे’ ही ओळ शोधावी. लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास युरोपात ती छापावीच लागते.

आणि मद्यार्काचे प्रमाण? ते कोणत्याही शिक्क्याने कमी होत नाही. सेंद्रिय वाइनमधला मद्यार्क यकृताला सेंद्रिय म्हणून सवलत देत नाही. हे शिक्के जमिनीविषयी, पाण्याविषयी, कामाच्या पद्धतीविषयी बोलतात. पिणाऱ्याच्या प्रकृतीविषयी त्यांतला एकही काही म्हणत नाही.