बॉनेटखालची पिवळी कडी

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडलं, की इंजिनाच्या कडेला एक पिवळी किंवा केशरी कडी दिसते. ती ऑइलच्या डिपस्टिकची. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असेल, तर इंजिन ऑइल तपासायला चाळीस सेकंदही पुरतात.

कडीत बोट घालून पट्टी बाहेर ओढा आणि जुन्या सुती फडक्याने पुसून कोरडी करा. हे पहिलं वाचन धरायचं नाही, कारण गाडी चालताना उडालेलं ऑइल पट्टीवर वरपर्यंत लागलेलं असतं. आता पट्टी पुन्हा पूर्ण आत, कडी टेकेपर्यंत घाला, बाहेर काढा आणि टोक खाली ठेवूनच बघा. टोकाजवळ दोन खुणा असतात: कुठे दोन भोकं, कुठे दोन खाचा, कुठे इंग्रजी एफ आणि एल. ऑइलची ओली रेघ या दोन खुणांच्या मध्ये हवी. पट्टीच्या दोन बाजूंना रेघ वेगवेगळी दिसली, तर खालची खरी माना.

पेट्रोल पंपावर ‘ऑइल बघू का?’ असं कुणी विचारलं, तर आधी घड्याळ बघा. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात बरंचसं ऑइल वरच्या भागात असतं. ते खालच्या चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. लगेच पट्टी काढली तर पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि गरज नसताना ऑइल विकत घेतलं जातं.

समजा, गणपतीला कोकणात निघायच्या दोन दिवस आधी तुम्ही पट्टी काढली आणि रेघ खालच्या खुणेला टेकलेली दिसली. बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं आणि इंजिनात एकूण ऑइल मावतं तीन-साडेतीन लिटर. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला आहे. सपाट रस्त्यावर हे कदाचित जाणवणारही नाही, पण घाटात जाणवेल. तीव्र वळणावर किंवा उभ्या चढावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं. ते कमी असेल, तर पंपाच्या जाळीपाशी क्षणभर हवाच येते आणि बेअरिंगना पोचणारं ऑइल तुटतं. अशा वेळी डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं लाल चित्र लुकलुकतं. तो दिवा ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो, पातळी कमी झाल्याचं नाही. ती त्याआधीच बरीच घटलेली असते. म्हणून दिव्याच्या भरवशावर राहू नका. आणि तो लागलाच, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असा विचार न करता गाडी सुरक्षित कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा.

वरच्या उदाहरणात गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं अर्धा लिटर ऑइल ओता, पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. रेघ मध्यावर आली असेल. मग थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या जरा खालीच थांबा. जास्त भरणंही वाईटच: फिरता क्रँकशाफ्ट वर आलेल्या ऑइलला घुसळतो, फेस होतो आणि फेसाळ ऑइल नीट वंगण देत नाही. पुढे हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा बघा. रेघ परत खाली आली असेल, तर ऑइल गळतंय किंवा जळतंय. पार्किंगच्या फरशीवरचे डाग आणि सायलेन्सरमधला निळसर धूर या दोन खुणा मेकॅनिकला आवर्जून सांगा.

रंगावरून मात्र घाई करू नका. डिझेल गाडीत ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. घाबरायचं ते पट्टीवर दुधाळ, चहासारखं ऑइल दिसलं तर. ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळल्याची ती खूण आहे. पावसात गाडी तुंबलेल्या पाण्यात उभी राहिली असेल, तर किल्ली फिरवण्याआधी ही पट्टी काढा. ऑइल दुधाळ असेल किंवा पातळी अचानक वाढलेली असेल, तर इंजिन सुरू न करता गाडी टो करून न्या. पातळी ठीक दिसली, तरीही हवेच्या फिल्टरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. तेव्हा मेकॅनिकने बघेपर्यंत स्टार्टर मारू नका.

काही नव्या महागड्या गाड्यांत डिपस्टिक नसते, तिथे पातळी स्क्रीनवर बघावी लागते. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पट्टी काढावी, आणि पुस्तिकेतल्या ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवावा.